'करिष्ये' : संकल्पातील एका क्रियापदाविषयी

पूजेला बसलेल्या यजमानाच्या उजव्या तळहातावर अक्षता ठेवल्या जातात आणि त्यांवर पळीभर पाणी घातले जाते. आचमन, प्राणायाम आणि देवतावंदन आधीच झालेले असते. मग गुरुजी एक लांबलचक संस्कृत वाक्य सांगू लागतात आणि यजमान ते तुकड्यातुकड्याने मागून म्हणतो. शेवटी 'करिष्ये' हे पद येते, हातातले पाणी ताम्हणात सोडले जाते आणि संकल्प पूर्ण होतो. हा विधी तुम्ही स्वतः केला असेल, निदान शेजारी बसून पाहिला असेल. त्या वाक्यातले आपले नाव, गोत्र आणि अखेरचे 'करिष्ये' एवढेच बहुतेकांच्या कानाला ओळखीचे वाटते. मधला भाग म्हणजे मंगल वातावरणासाठी उच्चारलेला मंत्र आहे, अशीच माझीही अनेक वर्षे समजूत होती. वस्तुतः ते एक साधे विधान आहे, आणि भाषेच्या विद्यार्थ्याने ते वाक्य म्हणूनच वाचावे, असे मला वाटते.

प्रथम 'संकल्प' हा शब्द पाहू. 'सम्' या उपसर्गाला 'क्लृप्' हा धातू जोडून तो झाला आहे. जुळणे, योग्य होणे, समर्थ होणे हे या धातूचे अर्थ. आजच्या मराठीत आपण संकल्प म्हणजे निश्चय असे समजतो आणि नववर्षाच्या पहिल्या दिवशी तो करतो. पण शब्दाचा मूळ रोख मनाच्या निर्धारापेक्षा जुळवणीकडे अधिक आहे. हा रोख मराठीने काही शब्दांत नीट जपला आहे. इमारत उभी राहण्यापूर्वी तिचे संकल्पचित्र काढतात. शासन दरवर्षी अर्थसंकल्प मांडते. अर्थसंकल्पात नुसती इच्छा चालत नाही. कोणत्या वर्षासाठी, कोणत्या कामासाठी आणि हाताशी असलेल्या कोणत्या साधनांतून, हे सांगावे लागते. पूजेच्या संकल्पातही नेमके हेच सांगितलेले असते.

त्या वाक्याचा पहिला आणि सर्वांत लांब भाग काळ आणि स्थळ सांगतो. त्याला देशकालोच्चार म्हणतात. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग, त्यातला श्वेतवाराह कल्प, त्यातले वैवस्वत मन्वंतर, त्यातले अठ्ठाविसावे कलियुग आणि त्याचा पहिला चरण, अशी सुरुवात होते. पुढे शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र असे टप्प्याटप्प्याने उतरत आपण आजच्या सकाळपर्यंत येतो. स्थळाचेही तसेच आहे. जंबुद्वीपापासून निघून भरतखंड, दंडकारण्य असे करत आपण एका नदीच्या काठाशी पोचतो. व्याकरणाच्या दृष्टीने ही जवळजवळ सगळी पदे सप्तमी विभक्तीत आहेत. मराठीत आपण 'घरात', 'दुपारी', 'काठावर' म्हणतो, तेच काम ही सप्तमी करते. क्रियापद अजून आलेलेच नसते. कोण, काय करणार हे कळण्याआधी ते कुठे आणि केव्हा होणार, हे ठरवून घेतले जाते.

या भागाकडे माझे लक्ष जाण्याचे कारण घरातलेच आहे. आमचे घर मूळचे पुण्याचे. नोकरीमुळे मी जळगावला आलो आणि वडिलांना अर्धांगवायू झाल्यावर त्यांनाही इकडे घेऊन आलो. त्यांची वाचा गेली होती. पुण्याचे घर सोडायची त्यांची कधीच तयारी नव्हती. जळगावच्या घराला ते 'आपले घर' म्हणतील असे मला वाटत नव्हते, आणि आता तर म्हणणे शक्यही नव्हते. त्या वर्षीचा गणपती प्रथमच माझ्या हातून बसायचा होता. गुरुजी मिळाले नाहीत, म्हणून वडिलांची जुनी पूजेची पुस्तिका समोर ठेवून मी स्वतःच वाचू लागलो. वडील पलीकडच्या पलंगावर टेकून बसले होते.

तो दिवस ७ सप्टेंबर २०२४, शनिवार. मी एका दमात वाचत गेलो. जिथे संवत्सराचे नाव घ्यायचे तिथे पुस्तिकेत 'अमुक' छापले होते. मीही 'अमुक' म्हणालो. महिना, पक्ष, तिथी यांच्या जागीही 'अमुक'च होते. वडिलांनी डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर थाप मारली. काही हवे असेल असे वाटून मी थांबलो, तर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केले. तेव्हा मला माझी चूक कळली. 'अमुक' हा काही मंत्रातला शब्द नाही. अर्जातल्या रिकाम्या जागेसारखी ती जागा आहे आणि ती वाचणाऱ्याने भरायची असते. रिकामी जागा मोठ्याने वाचून दाखवणे म्हणजे अर्जावर सहीऐवजी 'येथे सही करावी' असे लिहिण्यासारखे झाले.

कॅलेंडर आणि पंचांग पाहून मी जागा भरल्या. शालिवाहन शक १९४६, क्रोधी नाम संवत्सर, दक्षिणायन, वर्षा ऋतू, भाद्रपद मास, शुक्ल पक्ष, चतुर्थी. वार शनिवार, म्हणजे संस्कृतात मंदवासर. शनी हा संथ गतीचा ग्रह, म्हणून त्याला मंद म्हणतात. नक्षत्रापाशी मी पुन्हा अडलो. त्या दिवशी दुपारी चित्रा संपून स्वाती सुरू होणार होते. मी सकाळी बसलो होतो, म्हणून चित्रा म्हणायचे. उशीर केला असता तर दुसरे नाव घ्यावे लागले असते. सूर्य सिंहेत आणि गुरू वृषभेत होता. अब्जावधी वर्षांपासून सुरू झालेले वाक्य एका सकाळच्या काही तासांपर्यंत कसे बारीक होत येते, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले.

आता सगळे बरोबर झाले, असे समजून मी पुन्हा वाचू लागलो. 'गोदावर्या दक्षिणे तीरे' एवढे म्हणालो आणि परत थाप ऐकू आली. मी पुस्तिका घेऊन वडिलांजवळ गेलो. त्यांनी 'दक्षिणे' या शब्दाखाली बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. पुणे गोदावरीच्या दक्षिणेला आहे. वडिलांनी जन्मभर हेच म्हटले होते आणि पुस्तिकेतही तेच छापले होते. पण जळगाव गोदावरीच्या उत्तरेला आहे. त्यांना इकडे आणताना आम्ही ती नदी ओलांडली होती. मी 'उत्तरे तीरे' असे म्हणालो, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि हात खाली घेतला.

संकल्प तुमचे मूळ गाव विचारत नाही. आज, या क्षणी, तुम्ही कुठे बसला आहात एवढेच तो विचारतो. त्याचे खरे उत्तर द्यायला मी चुकलो होतो आणि ज्यांना हे घर परके वाटत असेल असे मी धरून चाललो होतो, त्यांनी ते दिले होते.

देशकालानंतर वाक्य हेतूकडे वळते. येथे सर्वनामे लक्षपूर्वक पाहा. सुरुवात 'मम' या एकवचनाने होते, म्हणजे 'माझ्या'. लगेच 'अस्माकं' येते, म्हणजे 'आम्हा सर्वांच्या'. त्याला जोडून सकुटुंब आणि सपरिवार अशी विशेषणे येतात. क्षेम, स्थैर्य, आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य ही जी फळे मागितली जातात, ती या अनेकवचनासाठी. मग साधनांचा उल्लेख होतो : 'यथाज्ञानेन' म्हणजे जेवढे ज्ञान आहे त्यानुसार आणि 'यथामिलितोपचारद्रव्यैः' म्हणजे जे पूजासाहित्य मिळाले आहे त्याने. त्या दिवशी आमच्याकडे दूर्वा होत्या, जास्वंद होती, पण केवडा मिळाला नव्हता; गुरुजीही नव्हते. संकल्पाने ही उणीव आधीच मान्य करून ठेवलेली असते. जे हाती नाही त्याचे वचन तो देत नाही.

शेवटी 'अहं करिष्ये'. फळे मागताना अनेकवचन होते. करण्याची वेळ येताच वाक्य पुन्हा एकवचनावर आले. 'करिष्ये' हे भविष्यकाळाचे, प्रथमपुरुषी, एकवचनी रूप आहे. 'कृ' धातूची दोन रूपे होतात, 'करिष्यामि' आणि 'करिष्ये'. पहिले परस्मैपद, दुसरे आत्मनेपद. क्रियेचे फळ करणाऱ्याकडेच जाणार असेल तेव्हा अशा धातूंना आत्मनेपद लावावे, असा पाणिनीचा नियम आहे. म्हणून यजमान स्वतःच्या पूजेसाठी 'करिष्ये' म्हणतो. दुसऱ्यासाठी कर्म करणाऱ्याने 'करिष्यामि' म्हणणे व्याकरणाला धरून होते. मराठीच्या क्रियापदात हा भेद उरलेला नाही. आपण दोन्ही ठिकाणी 'करीन' म्हणतो आणि कोणासाठी, हे वेगळ्या शब्दाने सांगतो.

मला या मांडणीत एक अवघड गोष्ट दिसते. 'आम्हा सर्वांचे आरोग्य' हे मागणे वडिलांसाठीही होते. त्यांची वाचा परत येईल असे डॉक्टरांनी सांगितले नव्हते, आणि संकल्पातही तसे आश्वासन कुठे नाही. आरोग्य हा त्यात हेतू आहे. वचन फक्त पूजनाचे आहे. आपण प्रार्थना आणि प्रतिज्ञा यांची सरमिसळ करतो. हे वाक्य मात्र दोन्हींना वेगवेगळ्या विभक्तींत, वेगवेगळ्या वचनांत ठेवते. जे आपल्या हातात नाही ते 'अर्थं' या शब्दाशी थांबते आणि जे आपल्या हातात आहे तेवढेच 'करिष्ये'पर्यंत पोचते.

मराठीत आपण 'संकल्प सोडला' असे म्हणतो. एखादी गोष्ट करायला घेतली, तर 'सोडला' हे क्रियापद कसे आले, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. सोडायचे असते ते पाणी. दान देतानाही हातावरून उदक सोडतात आणि त्या वस्तूवरचा आपला हक्क संपतो. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे, हा वाक्प्रचार याच जातीचा. दानात मालकी सुटते. संकल्पात, मला वाटते, न करण्याची मोकळीक सुटते. ताम्हणात पडलेले पाणी परत तळहातावर येत नाही.

त्या सकाळी मी पाणी सोडले आणि वडिलांकडे पाहिले. त्यांनी डावा हात तळवा वर करून गुडघ्यावर ठेवला होता. मी उठलो, पळीभर पाणी त्यांच्या हातावर घातले आणि खाली ताम्हण धरले. मग परत पाटावर येऊन पूजेला लागलो.