०.८ सेकंद कोणाचे?

संपादकांनी सांगितलं, ‘ड्रायव्हरला मदत करणाऱ्या गाड्यांवर लिहा, पण सोपं लिहा.’ अपघात कसा घडला याचा हिशेब मांडून विमा कंपन्यांना आणि वकिलांना अहवाल देणं हे माझं सिंगापूरमधलं काम. सोपं लिहायचा प्रयत्न करतो. पण एका प्रकरणात माझ्याच अहवालाने माझी झोप उडवली आहे, तेव्हा थोडे आकडे येणारच.

पहाटेची वेळ, पाऊस, पीआयई एक्सप्रेसवे. गाडी तासाला ८० किलोमीटरने, अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलवर, एका व्हॅनच्या मागे चाललेली. लेन असिस्ट चालू, चालकाचे हात स्टिअरिंगवर. अचानक व्हॅन शेजारच्या लेनमध्ये गेली आणि समोर ६० मीटरवर रस्ताकामाची लॉरी उभी दिसली. गाडीने स्वतः ब्रेक लावला नाही. धडकेत लॉरीत बसलेल्या कामगाराचा पाय मोडला.

‘रडार असून लॉरी दिसली कशी नाही?’ असं मला प्रत्येक जण विचारतो. रडारला ती दिसते; अडचण पुढे आहे. रस्त्याकडेचे खांब, फलक, डोक्यावरच्या ईआरपीच्या गँट्र्या या सगळ्यांवरून रडारला परावर्तन मिळतं. प्रत्येक उभ्या वस्तूला घाबरून गाडी ब्रेक लावू लागली, तर मागची गाडी येऊन आदळेल. म्हणून वेगात असताना उभ्या वस्तूंकडून आलेले संकेत बरेचदा गाळले जातात आणि हलणाऱ्या गाडीवर भर राहतो. जोडीला कॅमेरा असतो, पण पहाटेच्या पावसात त्याचीही खात्री नाही. ‘थांबलेल्या वाहनासाठी गाडी थांबेलच असे नाही’ ही सूचना गाड्यांच्या माहितीपुस्तकांत असते. शोरूममध्ये ते पान कोणी उघडून दाखवत नाही, याचा मला राग आहे.

आता हिशेब. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ६० मीटर संपायला २.७ सेकंद. सावध माणसाचा पाय दीड सेकंदात ब्रेकवर येतो. ओल्या रस्त्यावर तरीही धडक टळली नसती, पण ती ताशी ५४च्या आसपास झाली असती. गाडीतल्या नोंदयंत्रानुसार या चालकाने ब्रेक दाबला तो २.३ सेकंदांनी. धडकेचा वेग ७२. मधले ०.८ सेकंद कुठे गेले? तो म्हणाला, ‘सर, मला वाटलं गाडी थांबेल.’ मोबाइल नव्हता, डुलकी नव्हती. तो गाडीची वाट पाहत होता.

कायद्याला हे ०.८ सेकंद चालकाचेच वाटतात. सिंगापूरच्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम ६५ मध्ये पुरेशी काळजी न घेता गाडी चालवणं हा गुन्हा आहे, आणि क्रूझ कंट्रोल लावला म्हणून चालक हा चालक राहत नाही असं नाही. कामगाराची भरपाई गाडीच्या सक्तीच्या विम्यातून गेली. ‘पण दोष गाडीचा होता’ असं म्हणून लोक माझ्याकडे येतात. हे सिद्ध करायचं तर उत्पादकाने वाजवी काळजी घेतली नाही हे दाखवावं लागतं. नुसती गाडी थांबली नाही एवढं पुरत नाही. सिंगापूर ॲकॅडमी ऑफ लॉच्या कायदा सुधारणा समितीने २०२० साली स्वयंचलित गाड्यांच्या नागरी दायित्वावर अहवाल दिला आणि निष्काळजीपणा, उत्पादकाचं दायित्व, दोष न शोधता भरपाई या वाटा तपासल्या. माझ्या टेबलावरच्या गाड्या मात्र स्वयंचलित नसतात. त्या अर्धवट मदतीच्या असतात, आणि खरा गोंधळ तिथेच आहे.

माझं मुख्य भांडण नोंदीशी आहे. २०१७च्या नियमांनुसार चाचणीवरच्या स्वयंचलित गाडीत माहिती नोंदवणारं यंत्र लागतं. २०१६ साली वन-नॉर्थमध्ये नुटोनॉमीची चाचणी गाडी लॉरीला धडकली, तेव्हा कंपनीने सॉफ्टवेअरमधल्या दुर्मीळ दोषांचा छडा लावून ते जाहीर केले. घरच्या गाडीला ते नियम लागू नाहीत. या प्रकरणात नोंदयंत्राने शेवटच्या पाच सेकंदांचा वेग आणि ब्रेक दिला. रडारने लॉरी ओळखली होती का, गाळली का, हे त्यात नव्हतं. उत्पादकाने ती माहिती दिली नाही. म्हणून मी अहवालात ‘चालकाचा प्रतिसाद उशिरा आला’ असं लिहिलं. ते खरं आहे. पूर्ण खरं आहे का, हे मला सांगता येत नाही; न्यायालयासमोर मात्र तेवढंच वाक्य गेलं.

तुमच्या गाडीला असा अपघात झाला, तर ती दुरुस्तीला नेऊ देण्याआधी विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा की नोंदयंत्र आणि गाडीतली सर्व माहिती जशीच्या तशी जपून ठेवावी. गॅरेजमध्ये भाग बदलले आणि संगणक पुन्हा सुरू केला की ती पुसली जाऊ शकते. आणि माहितीपुस्तक उघडून थांबलेल्या वाहनाबद्दलचं ते पान एकदा वाचा.