थ्रीडीचा चष्मा आणि मनवेलपाड्यातली भिंत

मागच्या महिन्यात आमचा जुना टीव्ही गेला. आवाज येत होता, चित्र काळं. मेकॅनिकने मागचं झाकण उघडून बघितलं आणि पॅनल गेलंय, दुरुस्तीत पैसे घालू नका, असं सांगून तो चहा पिऊन गेला. टीव्हीखालच्या खणात चार काळे चष्मे पडून होते. ते हातात घेऊन मुलगी म्हणाली, "अब्बा, नवा पण थ्रीडीचाच घ्यायचा हं." ती आता कॉलेजात आहे. या चष्म्यांशी तिचं नातं जरा वेगळं आहे, ते पुढे येईलच.

संध्याकाळी आम्ही दोघं विरार स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. थ्रीडी आहे का, असं विचारल्यावर तिथला पोरगा छाती काढून म्हणाला, "आहे ना सर, थ्रीडी साऊंड!" दुसऱ्या दुकानात एका टीव्हीच्या खोक्यावर खरोखरच थ्रीडी लिहिलेलं होतं, पण ते रंग सुधारण्याच्या कुठल्याशा सोयीचं नाव निघालं. डोळ्यांना खोली दिसणारा थ्रीडी टीव्ही कुठेच नव्हता. खरं सांगायचं तर तो दुकानात मिळणं बंद होऊन बरीच वर्षं झाली. सॅमसंगने २०१६ च्या नव्या मॉडेलांतून थ्रीडी काढलं. एलजी आणि सोनी राहिले होते, त्यांनीही २०१७ मध्ये थांबवलं.

आम्ही आमचा टीव्ही घेतला २०१२ मध्ये. 'अवतार' येऊन गेला होता, जो तो थ्रीडीबद्दल बोलत होता. पुढच्याच वर्षी महेश कोठारेंचा 'झपाटलेला २' आला, मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून. मनवेलपाड्यातल्या आमच्या वन रूम किचनमध्ये बेचाळीस इंची टीव्ही म्हणजे अर्धी भिंत. पोरांचा हात लागू नये म्हणून मी तो उंचावर ठोकून घेतला. ईदला पाहुणे आले तेव्हा मोठ्या थाटात थ्रीडी चित्रपट लावला. पलंगावर बसलेले मामू हात पुढे करून मासा पकडायला बघत होते, आणि खाली चटईवर बसलेली सगळी मंडळी ओरडत होती, "डबल दिसतंय!"

याचं कारण मला नंतर समजलं, आणि त्यातच त्या टीव्हीची सगळी करामत होती. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळे दोघांना जरा वेगवेगळं चित्र दिसतं आणि मेंदू त्यातून खोली काढतो. टीव्हीलाही तेच करायचं असतं, म्हणजे एकाच पडद्यावर दोन चित्रं दाखवून प्रत्येक डोळ्याला त्याचंच पोचवायचं. आमच्या टीव्हीच्या पडद्यावर आडव्या १०८० रेघा होत्या आणि त्यांवर एक पातळ फिल्म चिकटवलेली होती. एक रेघ सोडून एक, अशा निम्म्या रेघांचा प्रकाश ती एका प्रकारे फिरवायची, उरलेल्या निम्म्यांचा उलट्या प्रकारे. चष्म्याची एक काच पहिला प्रकाश आत घ्यायची, दुसरी काच दुसरा. म्हणजे प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ५४० रेघाच.

आता ही फिल्म पडद्याच्या ठिपक्यांना अगदी खेटून नसते, मध्ये काचेची जाडी असते. समोरून बघितलं तर प्रत्येक रेघ आपापल्या पट्टीतून दिसते. खालून तिरकं बघितलं की ती शेजारच्या पट्टीतून दिसू लागते, आणि डाव्या डोळ्याचं चित्र उजव्यात शिरतं. आमच्या टीव्हीचा मध्य जमिनीपासून साडेपाच फुटांवर होता. चटईवर बसलेल्याचे डोळे अडीच फुटांवर आणि भिंत सात फूट लांब. हा कोन वीस अंशांच्या वर जातो, आणि अशा टीव्हीला एवढा कोन चालत नाही. मी टीव्हीच्या वरच्या बाजूला मागे दोन लाकडी ठोकळे घालून तो पुढे झुकवला. डबल दिसणं गेलं.

सगळ्यांचं गेलं, पण माझी सहा वर्षांची पोरगी म्हणाली, "मासा बाहेर येतच नाही." तिला डबल दिसत नव्हतं आणि खोलीही दिसत नव्हती. लाड करते आहे, असं आधी वाटलं. मग मी तिला एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं. उजवा डोळा झाकला तर ती गप्पच झाली. डाव्या डोळ्याने तिला मासा ओळखता येईना. नेत्रतज्ज्ञांनी तपासून सांगितलं की त्या डोळ्याचा नंबर फार मोठा आहे, तो वापरायचं मेंदूने सोडून दिलंय, याला आळशी डोळा म्हणतात. मग चष्मा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. लहान वयात लक्षात आलं म्हणून निभावलं. आमच्या घरात त्या टीव्हीचा खरा उपयोग झाला तो एवढाच, असं बायको म्हणते. मला ते खोटं ठरवता येत नाही.

कारण बघायचे काय? डिस्कवरचे थोडे चित्रपट. वाहिन्यांचा प्रयत्न परदेशातही टिकला नाही. ईएसपीएनची थ्रीडी वाहिनी २०१० मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये बंद झाली. थिएटरात माणूस दोन तास चष्मा लावून बसतो, घरात अम्मी भाजी निवडता निवडता टीव्ही बघतात, मध्येच दार वाजतं. पाहुणे पाच आणि चष्मे चार. दुसऱ्या जातीच्या टीव्हीत तर डोळ्यांपुढे आळीपाळीने उघडझाप करणारे चष्मे असत, ते महाग आणि चार्ज करावे लागत.

कंपन्यांच्या बाजूने बघितलं तर चष्म्यामुळे निम्म्याहून जास्त उजेड जायचा. नेमक्या त्याच काळात फोरके आणि एचडीआर आले, ज्यांची सगळी जाहिरातच जास्त उजेड आणि जास्त बारकावे अशी. मग जी फिल्म गिऱ्हाईक वर्षातून दोनदा वापरतो, तिचा खर्च प्रत्येक पॅनलवर कोण करणार? माझी चुटपुट एवढीच की फोरके पडद्यावर रेघा २१६० असतात, म्हणजे याच पद्धतीने प्रत्येक डोळ्याला पूर्ण १०८० मिळतात. तसे टीव्ही काही काळ निघालेही. चीज सुधारली तेव्हाच तिला काढलं.

नव्या टीव्हीत ॲप टाकून हे येत नाही. फिल्म नाही तर नाही. आमच्याकडची थ्रीडी फाईल नव्या टीव्हीवर लावली, तेव्हा शेजारी शेजारी दोन चेपलेली चित्रं दिसली, एकात डाव्या डोळ्याचं, दुसऱ्यात उजव्याचं. ज्याला हवंच असेल त्याला थ्रीडी चालवणारा प्रोजेक्टर मिळतो, पण त्याला अंधारी खोली लागते, आणि दिवसा आमच्या घरात ती नसते. डोक्यावर चढवायचे व्हीआर संच आहेत, ते एकट्याचे. चष्म्याशिवायचे पडदेही निघालेत, बघणाऱ्याच्या डोळ्यांवर कॅमेऱ्याने नजर ठेवणारे. तेही मुख्यतः एकाच माणसासाठी.

कुठल्याही टीव्हीवर चालतो तो लाल-निळा कागदी चष्मा. त्यात दोन चित्रं रंगांनी वेगळी केलेली असतात, म्हणून चित्राचे खरे रंग मरतात. तरी मुलीने मागवलाच. हातात घेऊन म्हणाली, "असाच तर डॉक्टरांकडे होता." दिवा बंद करून तिने समुद्राचा एक व्हिडिओ लावला, आधी उजवा डोळा झाकला, मग डावा, मग दोन्ही उघडे ठेवून बराच वेळ बघत राहिली. "थोडासा येतोय बाहेर," ती म्हणाली, आणि चष्मा अम्मींच्या नाकावर ठेवला.