वाफशाचे दिवस आणि मोठे दगड



अमेरिकेतले स्टीफन कव्ही नावाचे एक लेखक होते. १९९४ मध्ये त्यांचं 'फर्स्ट थिंग्ज फर्स्ट' नावाचं पुस्तक आलं. त्यात बरणीचं उदाहरण आहे. बरणीत आधी रेती आणि खडे भरले तर मोठे दगड वरच राहतात. तेच मोठे दगड आधी ठेवले तर खडे आणि रेती फटीत आपोआप बसतात. बरणी म्हणजे आपला आठवडा आणि मोठे दगड म्हणजे खरी महत्त्वाची कामं. गोष्ट सोपी आहे, अन् लय जणांनी ऐकली असेल. पण ऑफिसवाल्याची बरणी सात दिवसांची असते, आपली नसते. आपली बरणी किती मोठी आहे हे आधी मोजलं पाहिजे. आज त्यावरच लिहितो.

आमच्या वरवट बकालच्या काळ्या जमिनीत जुलै महिन्यात आठवडा सात दिवसांचा राहत नाही. चांगला पाऊस झाला की भारी वावरात तीन-चार दिवस पाय ठेवता येत नाही. मंग वाफसा येतो. तो दोन-तीन दिवस टिकतो, तोवर पुन्हा ढग भरून येतात. म्हणजे वावरातल्या कामाला आठवड्यात तीन, फार तर चार दिवस मिळतात. तीच आपली बरणी. ती लहान आहे म्हणून आधी काय ठेवायचं याला किंमत आहे.

वाफसा आला का नाही हे धुऱ्यावरून पाहून कळत नाही. वरचा थर पांढरा पडलेला दिसतो अन् खाली चिखल असतो. चार बोटं खालची माती मुठीत दाबायची. हाताला चिकटली तर थांबायचं. गोळा झाला अन् कमरेएवढ्या उंचीवरून सोडला की फुटून मोकळा झाला, तर वाफसा आहे. ओल्यात डवरा घातला तर पासेला माती लागते, तण कापलं न जाता लोळतं, आणि ढेकळं होऊन जमीन आवळते ते वेगळंच.

आता दगड कोणता आणि खडा कोणता हे ठरवायची माझी पद्धत सांगतो. काम किती तासांचं आहे हे मी पाहत नाही. एकच गोष्ट पाहतो. हे काम या आठवड्यात झालं नाही तर पुढच्या आठवड्यात तेवढ्याच पैशात, तेवढंच होईल का? होत असेल तर तो खडा. होत नसेल तर तो दगड.

सोयाबीनची पहिली डवरणी अन् निंदण हा जुलैतला सगळ्यात मोठा दगड. सोयाबीनला पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस तण सहन होत नाही. डवरणी पंधरा-वीस दिवसांनी एक आणि तीस दिवसांच्या आसपास दुसरी. फुलं लागल्यावर डवरा घालू नये, कारण मुळं तुटतात अन् फूल झडतं. म्हणजे या कामाला मागून दार बंद आहे. तणनाशक मारणाऱ्यालाही सुटका नाही. पेरणीनंतरचं तणनाशक तण दोन-चार पानांवर असतानाच काम करतं. तण मोठं झालं की नुसतं पिवळं पडतं अन् पुन्हा उठतं. निंदणाला पंधरा दिवस उशीर झाला की एकरी सहा बायांचं काम दहा-बारा बायांवर जातं, आणि तोवर तणानं खाल्लेलं खत परत येत नाही.

याच्या उलट बँकेचं काम, खताच्या दुकानाचा हिशोब, मोटरचं स्टार्टर दुरुस्त करणं, बाजार, गाडीची सर्व्हिसिंग. ही कामं खोटी नाहीत, करावीच लागतात. पण आज नाही तर चार दिवसांनी तीच अन् तेवढीच राहतात. गंमत अशी की बोंबलतात हीच कामं. फोन यांचाच येतो. तण फोन करत नाही.

म्हणून मी शनिवारी संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन याद्या करतो. एक वाफशाच्या कामांची, दुसरी चिखलाच्या कामांची. वाफशाच्या यादीत तीनच्या वर कामं घेत नाही. तालुक्याचं, बँकेचं, सेतू केंद्राचं सगळं चिखलाच्या यादीत. पीक विम्याचा अर्ज महत्त्वाचाच आहे, त्याला मुदत असते, खरिपाला साधारण ३१ जुलै. पण त्याला वाफसा लागत नाही. म्हणून तो चिखलाच्या यादीत पहिल्या नंबरला, जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या पावसाच्या दिवशीच. शेवटच्या आठवड्यात सर्व्हर चालत नाही अन् मंग नेमका वाफशाचा दिवस तिथं रांगेत जातो.

एक आठवडा पूर्ण मांडून दाखवतो. माझ्याकडे चार एकर सोयाबीन, त्यात तुरीची तासं, आणि तीन एकर पऱ्हाटी. जुलैचा दुसरा आठवडा, सोयाबीन वीस दिवसांचं. गुरुवारी पाऊस झालेला. सोमवारी वाफसा येईल असा अंदाज. दगड तीन. सोयाबीनची डवरणी, बैलजोडी अन् दोन डवरे धरून दीड दिवस. सोयाबीनचं निंदण, एकरी सहा बाया म्हणजे चोवीस रोज, आठ बाया तीन दिवस. आणि पऱ्हाटीची डवरणी, एक दिवस.

पहिलं काम शनिवारीच केलं, बाया सांगून ठेवल्या. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दगड बरणीत ठेवणं म्हणजे यादीत लिहिणं नाही. मजूर, बैल किंवा पंप त्या दिवसासाठी पक्का करणं म्हणजे ठेवणं. वाफसा आल्यावर बाया शोधायला गेलं तर तोवर सगळ्या गावानं सांगून ठेवलेल्या असतात.

सोमवारी सकाळी माती दाबून पाहिली. खालच्या भारी तुकड्यात चिकटत होती, वरच्या मुरमाड तुकड्यात सुटत होती. डवरे वरच्या तुकड्यात घातले. दुपारून खालचा तुकडाही सुटला. मंगळवारी दुपारी सोयाबीनची डवरणी संपली. मंगळवारी सकाळपासूनच डवरलेल्या भागात बाया निंदायला लागल्या, तासातलं तेवढंच तण काढायचं होतं. बुधवारी डवरे पऱ्हाटीत. गुरुवारी दुपारी पाऊस आला तेव्हा निंदणाचे अडीच दिवस झाले होते, वीस रोज. पाऊण एकराच्या आत निंदण राहिलं.

इथं एक बारीक गोष्ट आहे. डवरणी वाफशाच्या पहिल्या दिवशीच का? कारण डवऱ्यानं कापलेलं तण मरायला दोन दिवस ऊन लागतं. तेच काम वाफशाच्या शेवटच्या दिवशी केलं अन् रात्री पाऊस पडला, तर उपटलेलं तण तिथंच पुन्हा मुळं धरतं. मजुरी जाते अन् वावर तसंच. म्हणजे दगड आठवड्यात असून भागत नाही, तो तळाला पाहिजे.

शुक्रवारी चिखल. त्या दिवशी विम्याचा अर्ज, बँक, दुकान, स्टार्टर, चारही कामं एका चकरेत झाली. ही कामं सोमवारपासून एकेक करून केली असती तर प्रत्येकानं अर्धा दिवस खाल्ला असता. राहिलेलं पाऊण एकर निंदण पुढच्या आठवड्याचा पहिला दगड झालं, आणि पऱ्हाटीचं निंदण दुसरा. युरिया त्याच्यानंतर. तण असताना युरिया टाकला तर आधी तण खातं, म्हणून तिसावा दिवस दोन-चार दिवसांनी सरकला तरी चालतो, क्रम बदलत नाही.

दगड बरणीपेक्षा जास्त झाले तर? असं होतं. झड लागते अन् आठवड्यात दोनच दिवस वाफसा मिळतो. तेव्हा ज्याचं दार आधी बंद होतं ते घ्यायचं. सोयाबीन पस्तीस-चाळीस दिवसांत तासं झाकतं, त्यात नंतर डवरा चालत नाही. पऱ्हाटीत साठ दिवसांपर्यंत डवरणी चालते. म्हणून दोन दिवस असले तर सोयाबीन, पऱ्हाटी थांबते. तिचंही नुकसान होतं, पण भरून काढता येतं.

काही दगड दिसायला लहान असतात. पंचेचाळीस दिवसांनंतर पऱ्हाटीतली गुलाबी बोंडअळीची पाहणी हा तसा. एकरी दोन कामगंध सापळे, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास फेरी. डोमकळ्या पाहायच्या. बोंडं लागली की वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची. दोन बोंडांत अळी निघाली, किंवा सापळ्यात लागोपाठ तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली. हे काम अर्ध्या तासाचं, म्हणून 'मंग पाहू' म्हणून ते नेहमी मागं पडतं. पण अळी बोंडात शिरली की तिच्यावर फवारा पोचत नाही. २०१७ मध्ये विदर्भानं ते पाहिलं आहे. मी या फेरीचा वार ठरवून टाकला आहे, बुधवार सकाळ, चहाच्या आधी. ऑगस्टमध्ये ई-पीक पाहणीचे फोटोही त्याच फेरीत होतात.

एक अडचण मात्र राहते. गावात मयत झाली तर जावंच लागतं, तिथं डवरणीचं कारण चालत नाही. बैल बसला तर दिवस जातो. म्हणून चार दिवस वाफसा धरला तर मी तीनच दिवसांचे दगड ठेवतो. सोयरिकीच्या बैठकीला मात्र मी आता सांगतो, 'पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी येतो.' पहिल्यांदा पाहुणे रुसले. आमच्या मंडळींनाही दोन शब्द ऐकावे लागले. आता तेच लोक ढग पाहून फोन करतात.

शनिवारी एकच हिशोब तपासा. या आठवड्यात वाफशाचे दिवस किती होते अन् त्यातले किती दगडांना गेले. चारातले तीन गेले असतील तर ठीक. एकच गेला असेल तर बाकीचे तीन कुठं गेले ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत तीच तीच दोन कामं पुन्हा दिसतील. ती चिखलाच्या यादीत टाका.

रामराम.