आधी नक्कल, मग दुरुस्ती

मावशीची पोर्टेबल डिस्क माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर एक उपचार आधीच झालेला होता. 1 टीबीची डिस्क, त्यात मावसभावाच्या मुंजीपासूनचे सगळे फोटो. ती उघडायला पाच-सात मिनिटं लागायची, मध्येच अडकायची. बाजारातल्या एका दुकानातल्या मुलाने तिच्यावर रात्रभर ही कमांड चालवली:

```
chkdsk E: /f /r
```

सकाळी डिस्क पटकन उघडली. फक्त मुंजीच्या फोल्डरमधले निम्मे फोटो दिसेनात, आणि found.000 नावाचं एक नवीन फोल्डर आलं होतं. त्यात file0000.chk, file0001.chk अशा नावांच्या फायली. मुलाने मनापासून मदत केली होती, पण उपाय भलत्याच आजारावर केला होता.

वाचनालयात पुस्तकं कपाटात असतात आणि कुठलं पुस्तक कुठे आहे ते कार्डांवर लिहिलेलं असतं. डिस्कवरही तसंच असतं. विंडोजच्या डिस्कवर प्रत्येक फायलीचं साधारण 1 केबीचं एक कार्ड असतं: नाव, तारीख आणि फोटो प्रत्यक्षात कुठे ठेवलाय तो पत्ता. chkdsk चं काम म्हणजे कार्डं आणि कपाटं जुळवणं. एखादं कार्ड वाचता येत नसेल किंवा त्यावरचा मजकूर विसंगत असेल, तर ते कार्ड काढून टाकतं आणि त्या कपाटातली जागा रिकामी म्हणून नोंदवतं. हिशोब जुळतो. फोटो अजून कपाटातच असतो, पण आता तिथे कुणीही नवीन काही ठेवू शकतं. लाइट गेल्यामुळे कार्डांचा घोळ झाला असेल आणि डिस्क स्वतः धडधाकट असेल, तर हेच साधन उत्तम काम करतं. ते डेटा वाचवण्यासाठी नाही, हिशोब जुळवण्यासाठी आहे, एवढंच.

मावशीची डिस्क धडधाकट नव्हती. तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये Current Pending Sector Count शून्य असायला हवा, तिथे बराच मोठा आकडा होता. म्हणजे डिस्कवरचे काही तुकडे एका प्रयत्नात वाचले जात नाहीत. मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी: असा तुकडा मेलेला नसतो. दहाव्या किंवा विसाव्या प्रयत्नात तो वाचला जाऊ शकतो. पण त्यावर कुणी नवीन काही लिहिलं, की जुना मजकूर गेला. तो तुकडा खराबच निघाला तर डिस्क तो बाजूला टाकून त्याच्या बदली राखीव तुकडा वापरते. आजच्या बहुतेक डिस्कवर एक तुकडा 4 केबीचा असतो, म्हणजे त्यात चार कार्डं मावतात. एका आडमुठ्या तुकड्यामुळे चार फायलींचे पत्ते जाऊ शकतात. शिवाय /r सगळी डिस्क, अगदी रिकामी जागासुद्धा, वाचायला लावतं. धाप लागलेल्या माणसाला राजवाड्याच्या दहा फेऱ्या मारायला लावण्यासारखंच ते.

म्हणून आधी नक्कल. लिनक्सवर ddrescue नावाचं मोफत साधन आहे. ते मूळ डिस्क फक्त वाचतं आणि सगळं दुसऱ्या, मोठ्या आणि चांगल्या डिस्कवर उतरवतं:

```
ddrescue -d -n /dev/sdb disk.img disk.map
ddrescue -d -r3 /dev/sdb disk.img disk.map
```

पहिल्या ओळीत सहज वाचता येणारा भाग उचलला जातो, अडणारा सोडून दिला जातो. दुसऱ्या ओळीत त्या सोडलेल्या जागांवर पुन्हा प्रयत्न होतात. काय मिळालं, काय राहिलं याची नोंद disk.map मध्ये राहते, त्यामुळे मध्येच थांबवलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. sdb च्या जागी आपल्या डिस्कचं नाव दोनदा तपासून घाला. इथे मूळ डिस्क आणि नक्कल यांची अदलाबदल झाली तर सगळंच गेलं. मग chkdsk किंवा जे काही चालवायचं ते नकलेवर चालवा, बिघडलं तर दुसरी प्रत काढता येते.

डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र नक्कलही घरी करू नका. वाचणारं टोक पृष्ठभागावर घासत असू शकतं. केबल काढा आणि ती उघडून काम करणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या.

मावशीच्या डिस्कची नक्कल निघायला पावणेदोन दिवस लागले. त्यावर फोटोरेक चालवलं. हे साधन कार्डांकडे बघतच नाही, कपाटं चाळत फोटोची सुरुवातीची खूण शोधतं. गेलेले बहुतेक फोटो मिळाले, पण f0483712.jpg अशा नावांनी. कॅमेऱ्याने फोटोतच नोंदवलेली तारीख वापरून मावसबहिणीने ते वर्षावार लावले. आजोबांच्या आशीर्वादाचा व्हिडिओ मात्र डिस्कवर तुकड्या-तुकड्यांत साठवलेला होता, आणि कुठला तुकडा कुठे हे त्या पुसलेल्या कार्डावरच लिहिलेलं होतं. सुरुवातीचे काही सेकंद आजोबा हात वर करताना दिसतात, मग चित्र थिजतं.