पोर्तुगीज ‘काळे’ कसे पडले? एका बिशपची गफलत

देवनारच्या जुन्या गावठाणात परेरा, डिसोझा अशी आडनावे भेटतात, पण घरातली बोली मात्र मराठीच्याच कुळातली असते. एकोणिसाव्या शतकात साष्टी आणि तुर्भ्याच्या बेटांवरील अशा ख्रिस्ती रहिवाशांना इंग्रज सरसकट ‘पोर्तुगीज’ म्हणत. या शब्दाने भल्याभल्यांना चकवले.

रेजिनाल्ड हेबर हे कलकत्त्याचे बिशप म्हणून १८२३ मध्ये हिंदुस्थानात आले. त्यांचे प्रवासवर्णन त्यांच्या मृत्यूनंतर, १८२८ मध्ये प्रसिद्ध झाले. कलकत्त्यातील ‘पोर्तुगीज’ पाहून त्यांनी त्यात असे अनुमान मांडले, की ही मंडळी एतद्देशीयांशी सोयरीक करत नाहीत, तरीही तीनशे वर्षांच्या वास्तव्याने त्यांचा वर्ण आफ्रिकी लोकांइतका काळा झाला आहे. अर्थात हे उष्ण हवामानाचेच काम. कल्पना नवी नव्हती. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांनी तर सेनेगलची माणसे डेन्मार्कला नेऊन ठेवावीत आणि किती पिढ्यांत ती गोरी होतात ते पाहावे, असेही सुचवले होते. हेबर यांना वाटले, तोच प्रयोग उलट दिशेने इथे आयताच पार पडला आहे.

प्रयोग मात्र मुळात झालाच नव्हता. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई आणि साष्टी ताब्यात घेतल्यावर पाद्र्यांनी इथल्याच शेतकरी, कोळी, कारागीर कुटुंबांना बाप्तिस्मा दिला, आणि त्याबरोबर पोर्तुगीज नावे आली. बंगालमधील ‘पोर्तुगीजां’तही स्थानिक आणि मिश्र वंशाचेच लोक बहुसंख्य होते. म्हणजे वर्ण बदललाच नव्हता. बदलले होते ते नाव. आडनावावरून वंश ठरवला, की मधल्या पिढ्यांचा रंग सूर्याच्या खाती जमा करावा लागतो! याच किनाऱ्यावर, याच उन्हात, हजारांहून अधिक वर्षे राहिलेले आणि बहुतांशी आपसांत विवाह करणारे पारशी डोळ्यांसमोर होते. त्यांच्याकडे पाहिले असते, तरी शंका यायला हरकत नव्हती.

उन्हाने कातडी रापते, हे खरेच. त्वचेतील पेशी अधिक रंगद्रव्य तयार करतात. पण वरचा थर काही आठवड्यांत झडतो आणि रापही ओसरतो. स्त्रीबीज व शुक्रपेशींपर्यंत त्याची वार्ता पोहोचत नाही. १८८० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांनी उंदरांच्या पिढ्यांमागून पिढ्यांच्या शेपट्या कापल्या. तरी एकही पिल्लू बिनशेपटीचे जन्मले नाही. सूर्याचा आणि वर्णाचा संबंध आहे, परंतु तो नैसर्गिक निवडीतून, हजारो वर्षांत घडतो. त्यात कोणाची राप मुलांकडे जात नाही. त्या उन्हात अधिक तगणाऱ्यांची जनुके पुढे जातात. तीनशे वर्षे त्याला फारच अपुरी.

इथल्या ख्रिस्ती समाजाने पुढे १८८७ मध्ये स्वतःसाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. त्यामागे गोव्याहून आलेल्यांपासून आपण वेगळे, मूळचे इथले आहोत हे कंपन्यांना व सरकारला दाखवण्याचा, अर्थात नोकऱ्यांचाही, हेतू होता. त्वचेच्या सिद्धांताशी त्यांना काही देणेघेणे नव्हते.