पहिल्या तासांतील शब्द

आपल्या भाषेत मृत्यूला मवाळ नावे पुष्कळ आहेत. माणूस ‘जातो’, ‘देवाघरी जातो’, ‘कायमचा झोपतो’. मोठ्यांना हे शब्द सोसायला बरे पडतात. लहान मूल मात्र ते जसेच्या तसे ऐकते. जो गेला तो परत येईल, जो झोपला तो उठेल. आणि झोपेतच असे होत असेल, तर आपण झोपू नये, असे त्याला वाटते.

राजुऱ्याजवळच्या एका गावी, ऐन पावसाळ्यात, आमच्या शेजारचा पाच वर्षांचा मुलगा मण्यारीच्या दंशाने दगावला. हा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. जमिनीवर निजलेले मूल पहाटे पोट दुखते म्हणते, मग पापण्या जड होतात आणि श्वास अडखळू लागतो. अशा मृत्यूनंतर पंचनामा व शवविच्छेदन होत असल्याने शरीर घरी यायला दुपार होणार होती. त्याच्याच अंथरुणात निजलेली सात वर्षांची बहीण आजीपाशी होती. तिला मामाकडे पाठवावे, असे काहींचे म्हणणे पडले. पण अंगणात माणसे जमू लागली होती. कोणाच्या तरी कुजबुजीतून तिला ते कळणारच होते.

तिचे वडील शरीराच्या आधी घरी आले. तिला आतल्या खोलीत जवळ घेऊन म्हणाले, “बाई, लय वाईट झालं. बाबूले रात्री साप चावला. डॉक्टरनं औषध देलं, पण त्याचा श्वास थांबला. बाबू मेला.” शब्द कठोर होता, पण त्यात परतीची खोटी वाट नव्हती.

“उद्या येईन का?” तिने विचारले.

“नाही. शरीर एकदा थांबलं का पुन्हा सुरू होत नाही.”

बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, “मी त्याले भिंतीकडे ढकललं होतं.”

या वयाची मुले आपली कृती आणि घडलेली घटना यांची गाठ मनात बांधून टाकतात. पुष्कळ मुले ती बोलूनही दाखवत नाहीत. म्हणून न विचारताही तिचे उत्तर द्यावे लागते. वडील म्हणाले, “तुझ्यानं काहीच झालं नाही. साप अंधारात फिरते, कुठंही चावते.”

मग त्यांनी पुढचे सांगितले : बाबूला पांढऱ्या कापडात आणतील, आई फार रडेल, त्याला पुरतील, त्याला आता थंडी वाजणार नाही, दुखणार नाही. पाहायचे का, हे तिला विचारले. ती हो म्हणाली, तेव्हा फक्त तिच्यासाठी मावशीला जवळ बसवले.

थोड्या वेळाने ती अंगणात खेळू लागली. ‘हिला काही कळलेच नाही,’ असे कोणी म्हणाले. वस्तुतः मुलांचे दुःख असे तुकड्यातुकड्यांनी येते. संध्याकाळी तिने पुन्हा विचारले, “बाबू उद्या येईन का?” वडिलांनी तिला जवळ घेतले आणि सकाळचेच शब्द, त्याच क्रमाने, पुन्हा सांगितले.