समासातील इंग्रजी

धारणीसारख्या गावी इंग्रजीवाचून कोणाचे काय अडते, असा प्रश्न अमरावतीकडील आमचे स्नेही पुष्कळदा विचारतात. प्रश्न वावगा नाही. परतवाडा मागे टाकून सेमाडोह, हरिसाल ह्या वाटेने मेळघाटाचे रान ओलांडून जो येथे येतो, त्याच्या कानांवर बाजारात कोरकू पडते, हिंदी पडते, आमची वऱ्हाडी पडते. इंग्रजी पडत नाही. परंतु ज्या कामात आम्ही आहोत ते कुपोषित बालकांचे काम चालते ते दूरच्या शहरांतून येणाऱ्या पैशावर, आणि तो पैसा धाडणारे इंग्रजी वाचतात. म्हणून दर महिन्यास गावोगावचा अहवाल इंग्रजीत जातो. तो लिहितो तरुण सहकारी, तपासतो वडीलधारा, आणि तपासणाऱ्याचे शेरेही इंग्रजीतच पडतात, कारण त्यांची प्रत शहरातील कचेरीत जावयाची असते. एकमेकांशी तोंडाने कधी चुकूनही इंग्रजी न बोलणारी चार माणसे कागदावर मात्र त्याच भाषेत एकमेकांची चूक काढतात. जे काही बिनसते ते तेथे बिनसते.

मराठीत चूक दाखवावयाची तर केवढी सामग्री हाताशी असते! ‘भाऊ, हे जरा पाहता काय’ ह्यातील ‘जरा’ आणि ‘भाऊ’ हे दोन शब्द निम्मे काम करून टाकतात. ‘करा’ हे कठोर वाटले तर ‘करावे’ आहे, तेही जड वाटले तर ‘करता आले तर बरे’ आहे. वऱ्हाडात तर ‘काहून बाप्पा, हे राह्यलं?’ असे विचारले की त्यात जाब कमी आणि आपुलकी अधिक असते. इंग्रजीत लिहू लागताच हे सारे गळून पडते. ‘काहून’चे ‘व्हाय’ होते, ‘राह्यलं’चे ‘डिड यू नॉट’ होते, आणि ‘बाप्पा’ला तर त्या भाषेत बसावयास पाटही नाही. ‘व्हाय डिड यू नॉट’ असे तीन-चार शब्द कागदावर उभे राहिले की वाचणाऱ्यास आपण पिंजऱ्यात उभे असल्यासारखे वाटते.

ह्यात दोष इंग्रजीचा नाही. ज्यांची ती जन्मभाषा, त्यांच्यापाशीही मार्दवाची साधने आहेतच. परंतु आम्ही ती भाषा शिकलो कोठे? एक शाळेत, तांबड्या शाईखाली. आणि दुसरी फाइलीत. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले, तेव्हापासून येथील कचेऱ्यांतून जी इंग्रजी मुरली ती वरून खाली उतरणारी. तिच्यात हुकूम आहे, विनंतीच्या वेषातील हुकूम आहे, आणि ‘डू द नीडफुल’ आहे, ज्यातील ‘नीडफुल’ म्हणजे नेमके काय हे ज्याचे त्याने ओळखावयाचे. कठोरपणा आणि संदिग्धपणा हे दोन्ही दोष आम्हांस ह्या एकाच घरातून वारशाने मिळाले आहेत.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. आमचे एक तरुण सहकारी आहेत. घरची भाषा कोरकू, शिक्षण मराठीतून, इंग्रजी तिसरी. जानेवारी महिन्यात एका गावी जाऊन त्यांनी मुलांचा दंडघेर मोजला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाभोवती रंगीत फीत गुंडाळावयाची, घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर मूल तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान आला तर मध्यम. यादीत २३ मुले होती. १४ मोजली गेली, ९ राहिली. मोजलेल्या मुलांचा तक्ता त्यांनी दशांशापर्यंत अचूक भरला आणि खाली इंग्रजीत दोन वाक्ये लिहिली. पहिल्याचा आशय, पुष्कळ मुले फार अशक्त आहेत. दुसरे वाक्य असे: ‘मदर्स आर निग्लिजंट’, म्हणजे आया हयगयी आहेत.

ह्या परिच्छेदावर आमच्यापूर्वी दोघांचे शेरे पडले. एका ज्येष्ठांनी लिहिले, ‘धिस इज नॉट ॲक्सेप्टेबल. प्लीज एक्स्प्लेन.’ शहरातील दुसऱ्या वाचकाने लिहिले, ‘गुड एफर्ट, बट कुड बी मोअर स्पेसिफिक.’ पहिल्या शेऱ्यातील ‘प्लीज’ने काही सौम्य होत नाही, उलट ‘एक्स्प्लेन’ हा शब्द आमच्याकडे ‘खुलासा सादर करावा’ ह्याचा सख्खा भाऊ आहे, आणि खुलासा मागविला जातो तो ज्याच्यावर कारवाई व्हावयाची त्याचा. लिहिणाऱ्याच्या मनात कदाचित ‘समजावून सांग’ एवढेच असेल. वाचणाऱ्यास नोटीस दिसली. दुसरा शेरा गोड खरा, पण अधिक स्पष्ट म्हणजे कशाविषयी, किती, केव्हापर्यंत? शिवाय ‘बट’च्या अलीकडची स्तुती कोणी खरी मानीत नाही.

शेरा कसा लागला हे ओळखण्याची एक खूण आम्हांस अनुभवाने सापडली आहे. कठोर शेऱ्यानंतर मजकूर नाहीसा होतो. संदिग्ध शेऱ्यानंतर विशेषणे बदलतात. येथे दोन्ही घडले. दुसऱ्या खर्ड्यात ‘व्हेरी वीक’चे ‘एक्स्ट्रीमली वीक’ झाले, आणि न मोजलेल्या नऊ मुलांचा उल्लेखच उडाला. म्हणजे अहवाल दिसावयास निर्दोष, आणि नऊ मुले कागदावरून बेपत्ता.

हा दुसरा खर्डा आमच्यापुढे आला तेव्हा आम्ही प्रथम त्यांची गावची वही मागवून घेतली. तीत त्यांच्याच अक्षरात नोंद होती की नऊंपैकी सहा मुलांची कुटुंबे कामासाठी गाव सोडून गेली आहेत. मेळघाटातील कोरकू कुटुंबे अशी मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला परत येतात, हे त्या तरुणास आमच्याहून अधिक ठाऊक. तरीही इंग्रजीत लिहिताना त्यांनी ‘निग्लिजंट’ लिहिले, कारण तो शब्द त्यांनी अशाच अहवालांतून वाचलेला होता.

आम्ही जे लिहिले ते असे: ‘द टेबल इज कम्प्लीट, प्लीज लीव्ह इट ॲज इट इज. प्लीज ब्रिंग बॅक द नाइन चिल्ड्रन. द फर्स्ट ड्राफ्ट सेड मदर्स आर निग्लिजंट. अ रीडर इन मुंबई विल थिंक दे वेअर ॲट होम अँड डिड नॉट कम. युवर रजिस्टर सेज सिक्स फॅमिलीज हॅड लेफ्ट फॉर वर्क. प्लीज राइट दॅट इन्स्टेड. व्हॉट हॅपन्ड विथ द अदर थ्री? आय नीड धिस बाय थर्सडे.’ इंग्रजी साधी आहे, अलंकार नाही. पण तिच्यातील काही गोष्टी जाणून केलेल्या आहेत.

तक्ता पुरा आहे, हे स्तुतीसाठी लिहिलेले नाही. घाबरलेला माणूस बरे तेही खोडतो. कशाला हात लावावयाचा नाही हे त्यास आधी कळले पाहिजे. अशी स्तुती नेमकी असते, म्हणून खरी वाटते, आणि तिच्यापुढे ‘बट’ घालावा लागत नाही. दुसरे असे की, दोष सांगताना वाक्याचा कर्ता आम्ही माणूस ठेवला नाही. ‘यू हॅव रिटन’ नव्हे, खर्डा असे म्हणतो. आणि त्यावरून वाचणारा काय समजेल ते पुढे ठेवले. मात्र जेथे त्या तरुणाचे काम चांगले होते तेथे ‘युवर रजिस्टर’ म्हटले. तिसरे, ‘व्हाय’च्या जागी ‘व्हॉट हॅपन्ड’. राहिलेल्या तिघांचे काय झाले, ह्या प्रश्नास उत्तर देता येते. त्यांस का मोजले नाही, ह्या प्रश्नास केवळ बचाव देता येतो.

परंतु मऊपणाची हद्द येथे संपते. मागणी व मुदत ह्या दोहोंत आम्ही ‘मे’, ‘माइट’, ‘इफ पॉसिबल’ येऊ दिले नाही. विलायती माणूस ‘यू मे वाँट टू’ असे लिहून पुष्कळदा ‘हे कराच’ असे सुचवितो. आमच्या सरकारी कागदात ‘मे प्लीज’ हा हुकूमच असतो. आणि शाळेच्या व्याकरणात ‘मे’ म्हणजे परवानगी. ह्यांतील कोणता ‘मे’ आपल्यापुढे आहे हे धारणीच्या तरुणाने कशावरून ठरवावे? जे ऐच्छिक असेल त्यापुढे ‘ऑप्शनल’ असा शब्द सरळ लिहावा. त्यात कोणाचाही अपमान होत नाही.

हे सारे एका परिच्छेदापुरते चालते. कोणी न जाता आकडे भरले असतील, किंवा एकच चूक तिसऱ्यांदा झाली असेल, तर समासातील शेरा हे त्याचे ठिकाण नव्हे. तेथे समोर बसवून, दार लोटून, बोलावे लागते. कोणत्या भाषेत, ह्याचेही उत्तर वाटते तितके सोपे नाही. आम्ही मराठीकडे वळलो की आम्हांस घरी आल्यासारखे वाटते. परंतु ज्याची घरची भाषा कोरकू, त्यास आमचे ‘जरा’ आणि ‘भाऊ’ हे जितके आम्हांस मऊ लागतात तितके मऊ लागतात की नाही, ह्याची खात्री आम्ही देणार नाही. ह्या एका बाबतीत साधी, उघडी इंग्रजी कधीकधी दोघांसही सारखीच परकी असते, आणि म्हणून अधिक न्यायाची ठरते.

गुरुवारी सुधारलेला परिच्छेद आला. नऊ मुले परतली होती. सहा कुटुंबे कामावर. उरलेल्या तिघांपैकी एका मुलास ताप, दोघे आईबरोबर बाजारास गेलेले. शेवटी त्यांनी होऊन एक वाक्य घातले होते की सहा कुटुंबे होळीला परततील, तेव्हा होळीनंतरच्या आठवड्यात त्या मुलांचा घेर मोजावा. आणि खाली एक शंका होती, तीही इंग्रजीत: शहरातून आलेल्या छापील तक्त्यात अशा मुलांच्या रकान्याचे नाव ‘ॲब्सेंट’ असे आहे, जे गावातच नाही त्यास गैरहजर म्हणावे काय?

शंका आम्ही जशीच्या तशी शहरात धाडली. उत्तर एका शब्दाचे आले: ‘नोटेड.’ तो कागद हाती धरून त्या तरुणाने आम्हांस विचारले की हे हो आहे की नाही. आम्ही म्हटले, होळी झाल्यावर फीत घेऊन जा, आणि तक्ता भरताना तो रकाना खोडून वर ‘अवे फॉर वर्क’ असे लिही.